चार्ल्सचा कायरन, डायनाचा चंद्र

पालोमार वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स कोवाल यांना 1977 साली शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा एक लहानसा खगोल सापडला. त्याला कायरन हे नाव मिळालं. ग्रीक पुराणातला कायरन जन्मतःच आईने टाकलेला होता. पुढे तो इतरांना बरं करणारा वैद्य झाला, पण विषारी बाणाने झालेली स्वतःची जखम त्याला कधीच भरून काढता आली नाही. पाश्चात्त्य ज्योतिषांनी ही कथा उचलली आणि पत्रिकेतला कायरन म्हणजे माणसाचं जुनं दुखणं, असं मानलं.

दोन पत्रिका एकमेकींवर ठेवून नातं वाचण्याच्या पद्धतीला सिनॅस्ट्री म्हणतात. एकाचा कायरन दुसऱ्याच्या चंद्राशी किंवा शुक्राशी युती, केंद्रयोग वा प्रतियोग करत असेल, तर जोडीदार नकळत नेमक्या त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, असा दावा आहे.

चार्ल्स आणि डायना यांच्या पत्रिका घेऊ. सायन पद्धतीने चार्ल्सचा कायरन वृश्चिकेच्या 28 अंशांजवळ आहे आणि डायनाचा चंद्र कुंभेच्या 25 अंशांवर. अंतर 87 अंशांचं, म्हणजे 90 अंशांच्या केंद्रयोगापासून फक्त तीन अंश कमी. डायनाचा शुक्र वृषभेत 24 अंशांवर असल्याने प्रतियोगही चार अंशांच्या फरकाने जुळतो. निरयन पद्धतीत राशी बदलतील, पण दोन्ही पत्रिका जवळजवळ सारख्याच सरकत असल्याने हे अंतर तसंच राहील.

ज्योतिषी याचा अर्थ असा लावतात: चंद्र जवळीक मागतो आणि ती मागणीच कायरनवाल्याला खुपते. तो मागे सरतो, मग चंद्रवाल्याला पुन्हा टाकून दिल्यासारखं वाटतं. डायना सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले होते. चार्ल्स पाच वर्षांचा असताना राणी जवळपास सहा महिने राष्ट्रकुलाच्या दौऱ्यावर होती. 1981 साली लग्न झालं, 1992 साली दोघं वेगळे राहू लागले आणि 1996 साली घटस्फोट झाला.

गोष्ट चपखल बसते, म्हणूनच हिशेब करून पाहायला हवा. तीन अंशांची सूट दिली, तर कायरन एखाद्या ठरावीक बिंदूशी यांपैकी एखादा योग करण्याची शक्यता सुमारे पंधरात एक असते. प्रत्येकाचा कायरन समोरच्याच्या सूर्य, चंद्र, शुक्र, मंगळ आणि लग्न या पाच बिंदूंशी ताडला, की दहा तुलना होतात. ढोबळमानाने निम्म्या जोड्यांत, अगदी रस्त्यावरून उचललेल्या दोन अनोळखी माणसांतही, एखादा तरी योग सापडतोच. सूट पाच अंशांवर नेली, तर दहापैकी सात जोड्यांत. डायनाचा शुक्र मोजायचा असेल, तर सूट तीनवरून वाढवावीच लागते.

आणखी एक फसगत समवयस्कांची होते. कायरनला सूर्याभोवती फिरायला सुमारे 50 वर्षं लागतात. मेष राशीत तो आठेक वर्षं रेंगाळतो, तुळेतून दोनेक वर्षांत निघून जातो. त्यामुळे एका वर्गात शिकलेल्या बहुतेकांचा कायरन एकाच भागात असतो. नवराबायकोच्या कायरनांची युती दाखवून कोणी ‘तुमची जखम एकच’ असं सांगितलं, तर दोघांच्या जन्मसालांमधलं अंतर आधी पाहावं.

नात्यात जुनी दुखणी वर येतात, हे चार्ल्स आणि डायना यांच्या बालपणावरून पत्रिकेशिवायही कळतं. योग मात्र त्यांच्याइतकाच जवळचा, संसार सुखाचा, अशा जोड्या किती, हे मोजल्याशिवाय कायरनने त्यात काय भर घातली ते सांगता येत नाही.