होनाचा फोटो आणि न दिलेला निर्णय

‘हा शिवकालीन होन खरा आहे का?’ या प्रश्नासोबत बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आलेला एक फोटो असतो. कुणीतरी तो दुसऱ्याकडून घेतलेला असतो, त्याने त्याचा स्क्रीनशॉट काढलेला असतो. नाण्यापेक्षा तळहातच जास्त दिसतो. विचारणाऱ्याला आजच उत्तर हवं असतं, कारण विकणारा घाई करतोय.

असा एक फोटो घेऊन हिशेब मांडू. फोटोत नाण्याची रुंदी ११० पिक्सेल आहे. होन आकाराने फार लहान, व्यास साधारण १३ मिलिमीटर. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला नाण्याचा सुमारे ०.१२ मिलिमीटर भाग येतो. होनावरच्या अक्षराची रेघ त्याहून बरीच जाड असते, म्हणून एका बाजूचं तीन ओळींतलं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं दोन ओळींतलं ‘छत्रपति’ वाचता येतं. वाचता आलं की डोळ्यांना वाटतं, नाणं दिसलं. पण वाचता येणं म्हणजे तपासता येणं नव्हे, कारण अक्षरं नकलाकारही नीट उतरवतो.

खरा फरक पृष्ठभागात असतो. अस्सल होन ठशांमध्ये ठोकून पाडलेला. ठोक्याने सोनं दाबलं जाऊन ठशाच्या खाचांत सरकतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात. सर्रास दिसणारी नक्कल साच्यात ओतलेली असते. तिच्या अक्षरांच्या कडा मऊ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं, काठावर कधीकधी साच्याचा जोड घासून काढल्याची खूण. यातली छिद्रं बऱ्याचदा दशांश मिलिमीटरहूनही लहान असतात. म्हणजे आपल्या फोटोत अख्खं छिद्र एका पिक्सेलमध्ये मावतं आणि शेजारच्या रंगात मिसळून जातं. छिद्र आहे की नाही, ही माहिती फोटोत उरलेलीच नसते.

शिवाय फोटो जेपीईजी प्रकारात साठवताना तो ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत कापून दाबला जातो. आपल्या नाण्यावर असा एक चौकोन जवळजवळ १ मिलिमीटरचा होतो. जास्त दाबलेल्या फोटोत या चौकोनांच्या कडा आणि अक्षरांभोवतीचे अस्पष्ट ठिपके नाण्यावरच्या खुणांसारखे दिसतात. म्हणून ‘मला छिद्रं दिसतायत’ म्हणणाराही चुकू शकतो. ॲपमध्ये फोटो मोठा केल्याने मदत होत नाही. ॲप नव्या पिक्सेलमध्ये अंदाज भरतं आणि मऊ कड धारदार करून दाखवतं, म्हणजे ओतीव नाण्याला ठोकीव नाण्याचं रूप देतं.

आणखी एक तपासणी फार उपयोगी आहे. एकाच ठशातून पडलेल्या दोन नाण्यांची अक्षरं जुळतात, पण नंतर पडलेले ओरखडे आणि खोका प्रत्येक नाण्यावर वेगळ्या असतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली असण्याचा किंवा एक दुसऱ्याची नक्कल असण्याचा दाट संशय. पण ११० पिक्सेलमध्ये ओरखडा दिसतच नाही, मग जुळवायचं काय?

धूसर फोटोवरून निदान ‘खोटं’ तरी म्हणता येईल, असं वाटतं. मांडणीच होनाची नसेल, तर म्हणता येतं. पण इथंही सावध राहावं लागतं. शिवराई या तांब्याच्या नाण्यांवर ‘शिव’च्या जागी ‘सिव’, ‘सीव’ असे पाठ अस्सल नाण्यांवरही सापडतात. अस्पष्ट फोटोत वेलांटी हरवली म्हणून चांगलं नाणं बाद करणं सोपं आहे.

म्हणून मी अशा फोटोवर ‘बहुधा खरं’ असं लिहीत नाही. पुढे पाठवताना ‘बहुधा’ गळून पडतं आणि उरलेला शब्द विक्रेत्याच्या हाती दाखल्यासारखा लागतो. उत्तर असं देतो: ‘मजकूर आणि मांडणी होनाशी जुळते. पृष्ठभाग, कडा आणि काठ या फोटोत दिसत नाहीत. त्यामुळे खरं किंवा खोटं, दोन्ही सांगता येत नाही.’ काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे वेगळं लिहिलं की मालकाला पुढे काय करायचं ते कळतं.

पुढे काय मागायचं तेही ठरलेलं आहे. मूळ फोटो, स्क्रीनशॉट नव्हे, आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला. नाणं चौकट भरून, दोन्ही बाजू आणि काठ वेगवेगळे, प्रकाश एका बाजूने तिरपा. नाणं २००० पिक्सेल रुंद आलं आणि फोकस नेमका असला, तर दशांश मिलिमीटरचं छिद्र पंधराएक पिक्सेल व्यापतं आणि ओळखू येतं. फोकस हललेला असेल, तर तेवढे पिक्सेलही वाया. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावरचं वजन हवं. होन तीन ग्रॅमच्या आत भरतो, त्यामुळे थोडा फरकही महत्त्वाचा असतो.

फोटो विक्रेत्याकडच्या नाण्याचाच आहे का, हे मात्र कितीही स्पष्ट फोटो सांगू शकत नाही. जुन्या लिलावातल्या अस्सल नाण्याचा फोटो दाखवून दुसरंच नाणं विकता येतं. म्हणून त्याच नाण्याशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून नवा फोटो मागावा. विक्रेता तो द्यायला तयार नसेल, तर नाणं हातात येऊन तोललं जाईपर्यंत माझं उत्तर तेच राहतं आणि पैसे देऊ नका असं मी सांगतो.