ऑटोक्लेव्ह आणि निर्जंतुकीकरणाचा पुरावा

निर्जंतुकीकरण म्हणजे बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा नाश. डिसइन्फेक्शनमध्ये रोगकारक जंतूंची संख्या धोक्याच्या पातळीखाली येते, पण बीजाणू टिकून राहू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेची अवजारे नुसती उकळून भागत नाही. १०० अंश सेल्सियसला काही बीजाणू तग धरतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो.

ऑटोक्लेव्हमध्ये दर चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब देऊन वाफेचे तापमान १२१ अंशांवर नेतात आणि ते किमान १५ मिनिटे टिकवतात. जंतू मरतात ते उष्णतेने. दाब हे फक्त तापमान वाढवण्याचे साधन आहे. थंड अवजारावर वाफेचे पाणी होताना तिची सुप्त उष्णता अवजाराला मिळते आणि ओलाव्यामुळे जंतूंची प्रथिने लवकर गोठतात. कोरड्या उष्णतेला हेच काम जड जाते. हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर साधारण दोन तास लागतात. तरीही तेल आणि पावडर यांच्यात वाफ शिरत नसल्याने त्यांच्यासाठी ओव्हनच वापरावा लागतो.

ऑटोक्लेव्ह फसतो तो बहुधा आत अडकलेल्या हवेमुळे. समजा, ड्रममध्ये गाऊन आणि टॉवेल ठासून भरले आणि हवा निम्मीच बाहेर पडली. दाबमापक १५ पौंड दाखवेल, पण तापमान सुमारे ११२ अंशांवरच राहील. गठ्ठ्याच्या मधोमध तर वाफ पोहोचणारही नाही. म्हणून केवळ दाब पाहून चालत नाही. तापमान आणि वेळ यांची नोंदही तपासावी लागते. हे भौतिक निर्देशक होत.

दुसरा निर्देशक रासायनिक. ऑटोक्लेव्ह टेपवर काळे पट्टे उमटले, म्हणजे पॅक उष्णतेतून गेला एवढेच कळते. आतले सामान निर्जंतुक झाले, असे त्यावरून म्हणता येत नाही. यासाठी पॅकच्या आतही रासायनिक पट्टी ठेवतात. निर्वात पद्धतीच्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा पूर्ण निघते की नाही, हे बोवी-डिक चाचणी सांगते. चाचणीचा कागद सर्वत्र सारखा रंगला नाही, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

जंतू खरोखर मेले का, हे थेट दाखवतो तो जैविक निर्देशक. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट असलेल्या जंतूचे बीजाणू असतात. वाफ पोहोचायला सर्वांत अवघड अशा जागी त्याची कुपी ठेवतात आणि नंतर ती ५५ ते ६० अंशांवर उबवतात. बीजाणू जगले असतील, तर ते आम्ल तयार करतात आणि जांभळे माध्यम पिवळे होते. जांभळा रंग टिकला, तर चाचणी यशस्वी. मात्र सोबत उबवलेली, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली कुपी पिवळी झालीच पाहिजे. ती जांभळीच राहिली, तर मुळातले बीजाणूच मेलेले असू शकतात आणि चाचणी बाद ठरते.

हे तिन्ही निर्देशक ठीक असले, तरी ओला निघालेला किंवा फाटलेला पॅक निर्जंतुक मानत नाहीत. तो पुन्हा बांधून पूर्ण प्रक्रियेतून काढावा लागतो.