वह्या कशा गोळा कराल?

प्रिय मॅडम,

तिसरीचा वर्ग हाती आलाय, तर पहिल्या आठवड्यात नियमांची यादी फळ्यावर लिहू नका. वह्या गोळा करण्याची एकच सवय लावा.

नुसतं "वह्या आणा" म्हटलं, की सगळा वर्ग टेबलाभोवती जमतो आणि ढकलाढकलीत तास जातो. त्याऐवजी शेवटच्या बाकावरच्या मुलाने तपासायचं पान उघडं ठेवून वही पुढे द्यायची, पुढच्याने आपली त्यावर ठेवायची. पहिल्या बाकावर गठ्ठा तयार! पानं शोधण्यात तुमची संध्याकाळही जात नाही.

सोमवारी एकाच रांगेकडून करून घ्या, बाकीच्यांनी बघायचं. गोंधळ झाला तर रागावण्यापेक्षा पुन्हा पहिल्यापासून करायला लावा. मुलांना ते ओरडण्याहून जास्त कळतं. उशिरा शाळेत येऊ लागलेल्यांना शेजाऱ्याने शिकवावं. शुक्रवारी काही न बोलता नुसता हात पुढे करा. मागची मुलं इकडेतिकडे बघत राहिली, तर सवय अजून कच्ची आहे. पुढच्या आठवड्यात दुसरं काही सुरू करू नका.

पहिलीत हे चालणार नाही. ती मुलं गोल करून बसतात, तिथे वह्या आपणच उचलायच्या.

तुमची,
शेजारच्या वर्गातली बाई