आघातसिद्धांत व ‘कोसला’तील खंडित निवेदन

आघातसिद्धांत : घडतेवेळी मनाला पूर्णपणे ग्रहण न करता आलेला अनुभव पुढे स्मृतीत व भाषेत कोणत्या रूपाने प्रकट होतो, याचा विचार करणारी समीक्षापद्धती. स्मृतिप्रधान कादंबरीतील तुटक निवेदन हे केवळ लेखनतंत्र नसून आघाताचे रचनेत उतरलेले लक्षण असू शकते, असे ही पद्धती मानते.

या विचाराचे मूळ मानसशास्त्रात आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तीच भयंकर घटना स्वप्नात पुनःपुन्हा दिसे. स्वप्न इच्छापूर्तीसाठी असते, या आपल्या मताशी हे जुळत नाही, असे झिग्मंड फ्रॉइड याने १९२० मध्ये दाखवून दिले व अशा पुनरावृत्तीमागे मनाची सक्ती असते, असे प्रतिपादन केले. अमेरिकन समीक्षक कॅथी कॅरुथ यांनी ‘अन्क्लेम्ड एक्स्पीरिअन्स’ (१९९६) या ग्रंथात हा विचार साहित्याला लावला. त्यांच्या मते आघात घटनेच्या क्षणी जाणवत नाही. तो उशिरा आणि आडवाटेने परत येतो. म्हणून त्याची कथा सरळ क्रमाने सांगता येत नाही.

मराठीत या पद्धतीचे बळ आणि मर्यादा या दोन्ही भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीत तपासून पाहता येतात. नेमाडे यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातील सांगवी या गावचा. कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास जातो आणि अपयश घेऊन गावी परततो. पंचविसाव्या वर्षी तो आपले आतापर्यंतचे आयुष्य आठवून सांगतो. धाकटी बहीण मनी हिचा मृत्यू ही या आयुष्यातील सर्वांत खोल जखम होय.

कादंबरीची घडण एकसंध नाही. सरळ निवेदन, रोजनिशी, इतिहाससंशोधकाच्या थाटाचे विडंबन अशी रूपे तीत एकामागून एक येतात. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द तर निवेदकाच्या तोंडी सतत असतात. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की प्रत्यक्ष घडलेली गोष्ट अनेकांतील एक नमुना ठरते व तिची धार कमी होते. ‘वगैरे’ म्हटले की वाक्य पुरे न करताच थांबवता येते. अनुभवाशी थेट भिडणे टाळण्याचे हे दोन भाषिक मार्ग होत.

येथे एक साहजिक आक्षेप उद्भवतो. हे शब्द मनीच्या मृत्यूपूर्वीच्या भागातही आढळतात. मग त्यांचे कारण तो मृत्यू कसा असेल? याचे उत्तर घटनाकाळ व निवेदनकाळ यांतील फरकात आहे. बालपणाची हकीकतही पांडुरंग पंचविसाव्या वर्षी, म्हणजे मनी गेल्यानंतर, सांगत आहे. त्यामुळे नंतरच्या आघाताची छाया आधीच्या प्रसंगांच्या कथनावर पडू शकते. कॅरुथ यांनी सांगितलेला विलंब येथे कथानकात नव्हे, तर सांगण्याच्या रीतीत दिसतो.

तथापि एवढ्याने सिद्धता होत नाही. जे लक्षण सर्वत्र आढळते, ते कोणत्याही एका कारणाचा पुरावा ठरत नाही. हेच शब्द महाविद्यालयीन जगाची टर उडवण्यासाठीही वापरलेले आहेत. तेथे खंडितता उपहासाची आहे. म्हणून वाचकाने मनीसंबंधीची पाने वसतिगृहाच्या पानांशेजारी ठेवून पाहावीत. इतरत्र निवेदकाला सावरून धरणारा थट्टेचा सूर मनीच्या मृत्यूपाशी टिकत नाही. तुटकपणा दोन्हीकडे असला, तरी एकीकडे तो ढाल असतो आणि दुसरीकडे ती ढाल गळून पडलेली असते. लक्षण म्हणून वाचावयाचे ते हे स्थानिक अंतर. सरसकट तुटकपणा नव्हे.

सिद्धांताच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. आघातकारक घटना बहुधा स्पष्टपणे आठवतात, असे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी २००३ मध्ये प्रतिपादन केले. तेव्हा स्मृती तुटक असणे ही आघाताची अनिवार्य खूण मानता येत नाही. शिवाय हा सिद्धांत मुख्यतः यूरोपातील युद्धे व ज्यूंचा संहार यांच्या चिंतनातून वाढला. खेड्यातील एका घरचा मृत्यू त्यात बसवताना कुटुंब, वडिलांशी असलेला संघर्ष आणि गावाचा शोकाचार बाजूला पडण्याचा धोका असतो. अखेर, लक्षण येथे संहितेचे असते, लेखकाचे नव्हे. पांडुरंगाच्या भाषेवरून नेमाडे यांच्या मनाचे निदान करू पाहणारी समीक्षा कादंबरीला रुग्णपत्रिका समजते आणि जी रचना तपासावयाची तीच तिच्या नजरेतून निसटते.