मायक्रोवेव्ह लिंकचा जमाखर्च

घाटमाथ्यावरच्या टॉवरवर एक गोल पांढरी डिश असते आणि तिच्या समोर, वीस किलोमीटर खाली, कोकणातल्या एखाद्या टॉवरवर तशीच दुसरी. मधे केबल नाही, आहे ती फक्त हवा. या एका उडीला इंजिनिअर मंडळी ‘हॉप’ म्हणतात. ती चालेल की नाही, हे टॉवरवर चढण्याआधी कागदावर ठरतं. त्या हिशेबाचं नाव लिंक बजेट.

हिशेब डेसिबलमध्ये करतात, कारण त्यात गुणाकाराची बेरीज होते. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढले, दहापट झाली की १०. शक्तीचं मोजमाप एक मिलिवॉटच्या तुलनेत केलं की त्याला डीबीएम म्हणतात. आपल्या रेडिओची शक्ती १०० मिलिवॉट धरू, म्हणजे २० डीबीएम. ही सुरुवातीची शिल्लक.

आता खर्च. लहर पुढे जाताना पसरते, आणि सगळ्यात मोठा खर्च तोच. त्याचं सूत्र असं (d किलोमीटरमध्ये, f गिगाहर्ट्झमध्ये):

```
FSPL = 92.45 + 20 log d + 20 log f
```

अंतर २० किलोमीटर आणि फ्रीक्वेन्सी १५ गिगाहर्ट्झ घातली की उत्तर येतं १४२ डेसिबल. ही प्रचंड तूट डिश भरून काढतात. साठ सेंटिमीटरच्या डिशचा गेन या फ्रीक्वेन्सीला साधारण ३७ डेसिबल असतो. दोन्ही टोकांचे मिळून ७४. जोडण्यांमध्ये २ आणि हवेतल्या बाष्प-प्राणवायूत १ डेसिबल जातो, असं धरू.

```
20 + 37 + 37 - 142 - 2 - 1 = -51 dBm
```

उणे ५१ डीबीएम म्हणजे सुमारे ८ नॅनोवॉट. निघाले १०० मिलिवॉट, पोचले एवढेच. तरी रिसीव्हरला ते भरपूर आहेत. त्याला किमान किती लागतं, हे डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. आपण उणे ७२ धरू. हाती उरले २१ डेसिबल. यालाच फेड मार्जिन म्हणतात. हा सगळा हिशेब याच एका आकड्यासाठी असतो. अर्थात, मधे झाड किंवा टेकडीचा खांदा आडवा येत नाही, हे गृहीत धरून. नुसतं समोरचं दिसणं पुरत नाही. या हॉपच्या मध्यावर लहरीभोवती निदान सहा मीटर मोकळी जागा लागते, आणि पृथ्वीच्या गोलाईचेही तेवढेच मीटर वेगळे धरावे लागतात.

डिश जुळवताना हाच कागद कामाला येतो. टॉवरवरचा माणूस रेडिओच्या टेस्ट पॉइंटला मल्टिमीटर लावून डिश हळूहळू फिरवतो आणि सिग्नलचं शिखर शोधतो. गंमत अशी की डिशच्या मुख्य झोताशेजारी छोटे उपझोतही असतात, आणि त्यांनाही आपापलं शिखर असतं. मीटर वर जाऊन खाली उतरला की वाटतं, सापडलं. पण त्या शिखरावर सिग्नल वीसेक डेसिबलनं कमी असतो. उणे ५१ ऐवजी उणे ७१ आला, तरी लिंक लागते, डेटा वाहतो, लोक जेवायला जातात. मार्जिन मात्र उरलेलं असतं १ डेसिबल. दोन-तीन डेसिबलचा फरक चालतो. विसाचा दिसला तर डिश दोन्ही बाजूंना लांबवर फिरवून मोठं शिखर शोधायचं, याला पर्याय नाही.

समजा सगळं बरोबर जुळलं. २१ डेसिबल कागदावर छान दिसतात. मग जुलै येतो. ताशी १०० मिलीमीटरच्या सरीत १५ गिगाहर्ट्झची लहर दर किलोमीटरला सहा ते आठ डेसिबल गमावते. म्हणजे असा पाऊस वाटेतल्या जेमतेम तीन किलोमीटरवर पडला, तरी मार्जिन संपलं. कोकणात अशी सर ही काही नवलाई नाही. आजचे रेडिओ अशा वेळी आपणहून वेग उतरवून तग धरतात. लिंक टिकते, पण डेटा मुंगीच्या पावलांनी जातो.

शक्ती दुप्पट करून मिळतात ३ डेसिबल, म्हणजे जोरदार पावसातलं अर्धा किलोमीटरही नाही. फ्रीक्वेन्सी निम्मी, साडेसात गिगाहर्ट्झ, करून पाहा. पसरण्याचा खर्च १३६ वर येतो. डिशचा गेन मात्र घटतो, म्हणून तो ३७ राखायला डिश दुप्पट व्यासाची, १.२ मीटरची लागते. सिग्नल येतो उणे ४४ च्या आसपास, मार्जिन २८. आणि त्याच सरीत नुकसान किलोमीटरला दोनेक डेसिबल. आता तशी सर सलग चौदा किलोमीटरवर पडली तरच लिंक तुटेल.

मोठी डिश महाग असते आणि वाऱ्याचा जोर टॉवरवर जास्त येतो. तरीही कोकणात वीस किलोमीटरचा हॉप टाकायचा असेल, तर पंधरा गिगाहर्ट्झच्या वाटेला जाऊ नये. तो बँड तिथे पाच-सात किलोमीटरच्या हॉपसाठी ठेवावा.