लाइट गेली म्हणून नेट जात नाही

‘लाइट गेली की नेट जाणारच, मग राउटरला बॅटरी लावून काय उपयोग?’ पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न कानावर यायला लागतो. विचारणाऱ्यांत सोसायटीचे सेक्रेटरी असतात, ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या बाई असतात आणि घरून काम करणारी तरुण मंडळीही असतात. नेट गेलं म्हणून मीटिंग बुडते, परीक्षेचा फॉर्म अर्धवट राहतो आणि खापर कंपनीवर फुटतं. खरं तर तेवढा वेळ त्यांच्या घरापर्यंत नेट आलेलं असतं. ते घ्यायला घरातला बॉक्स जागा नसतो, एवढंच.

फायबरच्या तारेतून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. ऑपरेटरच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं, ते हा प्रकाश पाठवतं. वाटेत खांबावर किंवा इमारतीच्या डक्टमध्ये स्प्लिटर असतो आणि तो एका तारेतला प्रकाश १६ किंवा ३२ घरांत वाटतो. या स्प्लिटरला वीज लागतच नाही. ज्या जीपॉन तंत्रावर आपल्याकडची बहुतेक फायबर जोडणी चालते, त्यातलं ‘पॉन’ म्हणजे पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क, वाटेत वीज न लागणारं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘जी.९८४’ या मानकात तारेच्या पल्ल्याची मर्यादा साधारण २० किलोमीटर धरली आहे. म्हणजे तुमच्या गल्लीत, शेजारच्या पेठेत, अख्ख्या गावात लाइट नसली तरी वाटेत काहीच बंद पडत नाही. वीज लागते ती फक्त दोन टोकांना. पलीकडच्या टोकाला बॅटऱ्या असतात, मोठ्या एक्स्चेंजला जनरेटरही असतो. अलीकडच्या टोकाला तुमचा बॉक्स भिंतीवरच्या प्लगवर चाललेला असतो.

घरची वीज जाणार हे इतकं गृहीत धरलेलं आहे की वीज तुटताना तुमचा बॉक्स आत उरलेल्या क्षणभराच्या चार्जवर ऑपरेटरकडे ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा संदेश पाठवतो. त्यावरून त्यांना कळतं, की तार तुटलेली नाही, ग्राहकाची लाइट गेली आहे.

याला अपवाद आहेत आणि ते सांगायलाच हवेत. लहान गावातला केबलवाला ओएलटी स्वतःच्या दुकानात ठेवतो आणि त्याचा इन्व्हर्टर दोन-तीन तासांत दमतो. काही जुन्या जोडण्यांत फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंतच येतं. तिथे एखाद्या घरातून वीज घेतलेला स्विच असतो आणि पुढे घरापर्यंत साधी लॅनची केबल असते. अशा ठिकाणी लाइट गेली की नेट खरंच जातं. आपली जोडणी कुठल्या जातीची हे दिवे बघून ओळखता येतं. बॉक्स बॅटरीवर चालू ठेवा आणि लाइट गेल्यावर त्याच्याकडे बघा. PON चा हिरवा दिवा स्थिर असेल तर पलीकडचं टोक जिवंत आहे. LOS चा लाल दिवा लागला तर पलीकडून प्रकाशच येत नाही. तो लाइट गेल्यावर दरवेळी साधारण तेवढ्याच वेळाने लागत असेल तर ऑपरेटरची बॅटरी संपते आहे, आणि त्याला तसं स्पष्ट सांगायला हवं. बॅटरी घेण्याआधीच खात्री हवी असेल तर त्याच ऑपरेटरचं नेट असलेल्या आणि घरी इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्याला विचारा.

आता बॅटरी. दुकानात मिळणाऱ्या मिनी यूपीएसच्या खोक्यावर ‘८,००० एमएएच’ असं ठळक छापलेलं असतं. बारा व्होल्टचा राउटर एक अँपिअर घेतो, म्हणजे आठ तास चालेल, असा हिशेब लोक करतात आणि तीन तासांत बंद पडला की फसवल्यासारखं वाटतं. हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेल ३.७ व्होल्टचा असतो. आठ अँपिअर-तासांना ३.७ ने गुणलं की जवळपास ३० वॉट-तास होतात. ३.७ चे १२ व्होल्ट करताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून हाती साधारण २५ धरावेत. फायबरचा बॉक्स ४ वॉट आणि वेगळा राउटर ६ वॉट खात असेल तर २५ भागिले १०, म्हणजे अडीच तास. सेल जुने झाले की हाच वेळ दीड तासावर येतो. खरेदी करताना एमएएच बघू नका, वॉट-तास विचारा. बॉक्स आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज द्यावी लागते, हेही अनेकजण विसरतात. एकच चालू ठेवून नेट मिळत नाही.

काही लहान गैरसमज उरकून टाकतो. दोन अँपिअरच्या यूपीएसने एक अँपिअरचा राउटर जळत नाही, कारण राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत, नऊ व्होल्टच्या राउटरला बारा देऊ नका. पिन बसली म्हणजे जुळली असं नाही, खाली लेबलवर अधिक-उणे कुठे आहे ते बघा. साधी पॉवर बँक पाच व्होल्ट देते, त्यामुळे ती थेट लावून बारा व्होल्टचा राउटर चालत नाही. आणि लिथियमची बॅटरी गरम राउटरखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका. फुगली तर त्याच दिवशी काढा.

शेवटचा गैरसमज महागात पडतो: यूपीएस लावला म्हणजे व्होल्टेजच्या चढउताराची काळजी मिटली. निम्मं खरं आहे. व्होल्टेज क्षणभर पडलं की राउटर आपोआप रीस्टार्ट होतो, ते मिनी यूपीएस नक्की थांबवतो. कमी व्होल्टेजला मुळात घाबरायचं कारण नाही. ॲडॉप्टरच्या लेबलवर INPUT 100-240V लिहिलेलं असतं, गावाकडच्या १६० व्होल्टवरही तो नीट चालतो. त्यासाठी स्टॅबिलायझर नको. धोका वरच्या बाजूला आहे. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, की घरात २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या वर वीज येऊ शकते. ॲडॉप्टरमधला मोठा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा असतो आणि ३०० व्होल्ट एसीचे आत सुमारे ४२५ व्होल्ट डीसी होतात. कपॅसिटर फुगतो, ॲडॉप्टर जातो. मिनी यूपीएसही अशाच ॲडॉप्टरवर किंवा तशाच आतल्या सर्किटवर चार्ज होतो, त्यामुळे पहिला घाव तिथेच बसतो.

स्पाइक गार्डही इथे कामाचा नाही. तो सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरत्या झटक्यासाठी बनवलेला असतो. जास्त व्होल्टेज मिनिटभर टिकलं तर त्यातला भाग स्वतःच तापून जळतो. हवा तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. २६०-२७० व्होल्टच्या वर गेलं की तो लाइन तोडतो आणि व्होल्टेज ठीक झाल्यावर थोडं थांबून पुन्हा जोडतो. फक्त राउटरसाठी प्लगमध्ये बसणारा पुरतो. सगळ्या घरासाठी हवा असेल तर मेन स्विचपाशी वायरमनकडून बसवून घ्या.

घरातले काही दिवे अचानक लख्ख झाले आणि काही मंदावले, तर तो न्यूट्रल गेल्याचा इशारा समजा. मेन स्विच लगेच बंद करा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वायरमन येऊन जोड तपासेपर्यंत मेन पुन्हा चालू करू नका.