तळणीच्या तेलाची हद्द कशी मोजायची?

पाककला आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या परीक्षांत तळणीच्या तेलावर दोन प्रश्न फिरून फिरून येतात. तळण्यासाठी सर्वांत योग्य तेल कोणते, हा पहिला. त्याचे उत्तर मुले स्मोक पॉइंटच्या तक्त्यावरून देतात. तेच तेल किती वेळा वापरता येते, हा दुसरा. तिथे ‘तीन वेळा’ असे लिहून मोकळी होतात. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात, पण दोन्हींतून तेलाचे खरे काय झाले ते कळत नाही. वापरलेल्या तेलाची हद्द स्मोक पॉइंटवरूनही ठरत नाही आणि वेळा मोजूनही ठरत नाही. ती ठरते तेलात साठत गेलेल्या ध्रुवीय संयुगांवरून, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सवरून. आपल्या कायद्यानेही हेच माप धरले आहे.

कढईत काय घडते ते आधी पाहू. ताज्या तेलाचा जवळजवळ सगळा भाग ट्रायग्लिसराइडचा असतो. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली, अशी ही रचना. बटाट्याची ओली काप १८० अंश सेल्सियसच्या तेलात सोडली की तिच्यातले पाणी वाफ होऊन उसळते आणि त्यातले थोडे पाणी ट्रायग्लिसराइडवर काम करते. एक मेदाम्ल सुटते, मागे डायग्लिसराइड उरते. त्याच वेळी पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन असंतृप्त मेदाम्लांना लागतो. त्यातून आधी पेरॉक्साइडे आणि ती फुटून अल्डिहाइडे तयार होतात. उष्णतेमुळे काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, तेल दाट होते, आणि कढईच्या काठावर ती चिकट, घासूनही न निघणारी पिवळट पुटे बसतात. पाण्याने तुटलेले, ऑक्सिजनने बदललेले आणि उष्णतेने जुळलेले हे सगळे रेणू ट्रायग्लिसराइडपेक्षा जास्त ध्रुवीय असतात. म्हणून प्रयोगशाळेत तेल सिलिका जेलच्या नळीतून सोडतात. न बिघडलेला अध्रुवीय भाग सौम्य द्रावकाबरोबर खाली उतरतो, बिघडलेला नळीत अडकतो. उतरलेल्या भागाचे वजन मूळ वजनातून वजा केले की ध्रुवीय संयुगांची टक्केवारी मिळते. बिघाड कोणत्या वाटेने झाला हे हा आकडा सांगत नाही, पण एकूण किती झाला ते सांगतो.

स्मोक पॉइंट यातल्या एकाच वाटेची बातमी देतो. धूर मुख्यतः सुट्या मेदाम्लांचा आणि इतर हलक्या रेणूंचा असतो. रिफाइंड तेलातून ही मेदाम्ले काढून टाकलेली असतात, म्हणून त्याचा स्मोक पॉइंट २२०-२३० अंशांपर्यंत जातो. फक्त गाळलेल्या शेंगदाणा तेलात ती शिल्लक असतात, म्हणून ते बरेच आधी धुरते. म्हणजे ताज्या तेलाचा स्मोक पॉइंट आपल्याला बरेचसे ते किती शुद्ध केले आहे एवढेच सांगतो. तळताना ते किती टिकेल, हे त्यातल्या मेदाम्लांच्या जातीवर ठरते. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते ओलेइक आम्लाच्या सुमारे दहापट वेगाने ऑक्सिडाइज होते. त्यामुळे रिफाइंड सूर्यफूल तेलाचा स्मोक पॉइंट तक्त्यात उंच दिसतो, पण दिवसभराच्या फ्रायरमध्ये ते शेंगदाणा किंवा पाम तेलाच्या आधी बिघडते. ‘सर्वांत उंच स्मोक पॉइंट म्हणजे सर्वांत टिकाऊ तेल’ हा पर्याय प्रश्नपत्रिकेत दिसला, तर तो चूक आहे.

आता नमुन्याचा एक प्रश्न सोडवून पाहू. ‘अ’ हे ताजे गाळलेले शेंगदाणा तेल आहे: स्मोक पॉइंट १६० अंश, ध्रुवीय संयुगे ६ टक्के. ‘ब’ हे दोन दिवस पापड-वेफर तळलेले रिफाइंड सूर्यफूल तेल आहे: स्मोक पॉइंट १८५ अंश, ध्रुवीय संयुगे २७ टक्के. टाकून कोणते द्याल? स्मोक पॉइंटवर भरवसा ठेवणारा विद्यार्थी ‘अ’ म्हणेल. पण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून वापरलेल्या वनस्पती तेलात ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. त्यामुळे टाकायचे ते ‘ब’. ‘अ’ १८० अंशांवर धुरेल, म्हणून ते त्या तापमानाच्या तळणीसाठी गैरसोयीचे आहे, पण ते बिघडलेले नाही. ‘ब’ धुरत नसले तरी बिघडलेले आहे. पापड-वेफर कोरडे असल्याने पाण्याने होणारी तोड कमी झाली, सुटी मेदाम्ले कमी राहिली आणि स्मोक पॉइंट फारसा घसरला नाही. ऑक्सिडेशन मात्र चालूच राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताजे तेल मिसळण्याचा. समजा २८ टक्क्यांचे १० किलो तेल आहे आणि त्यात ४ टक्क्यांचे ५ किलो ताजे तेल ओतले. ध्रुवीय संयुगे २.८ किलो आणि ०.२ किलो मिळून ३ किलो झाली. १५ किलोंत ती २० टक्के भरतात. आकडा मर्यादेत आला, पण बिघडलेल्या रेणूंपैकी एकही कमी झाला नाही, आणि ते ताज्या तेलाचा बिघाड लवकर घडवून आणतात. म्हणूनच २५ टक्के ओलांडलेल्या तेलात ताजे तेल भरण्यास मनाई आहे. मर्यादेच्या बरेच आत असताना, पदार्थाने शोषलेल्या तेलाची भर रोज घालणे ही निराळी गोष्ट. वेफरच्या कारखान्यात पदार्थाबरोबर तेल सतत बाहेर जाते आणि ताजे सतत येते, म्हणून तिथला आकडा बराच काळ खालीच स्थिरावतो. छोट्या गाड्यावर तीच कढई गिऱ्हाइकाची वाट बघत तासन्‌तास तापत राहते, तेल फारसे खपत नाही, आणि आकडा चढत जातो.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: घरी किंवा गाड्यावर मोजणार कशाने? फ्रायरमध्ये बुडवायचे विजेवर चालणारे मापक मिळते, पण ते प्रत्येकाकडे नसते. मग ‘तीन वेळा’ हा सोपा नियम काय वाईट? घरच्या सावधगिरीसाठी तो जरूर पाळावा. पण ‘एक वेळ’ म्हणजे किती? दहा पुऱ्यांचा एक घाणा हीही एक वेळ आणि सहा तास चाललेली भजी हीही एक वेळ. माप नसेल तर लक्षणे पाहावीत. पदार्थ काढल्यावरही न विरणारा, बारीक बुडबुड्यांचा फेस. नेहमीच्या आचेवर उठणारा निळसर धूर. झाऱ्यावरून ओघळताना जाणवणारा दाटपणा. डोळ्यांना झोंबणारा वास, जो ग्लिसरॉलपासून होणाऱ्या अॅक्रोलीनचा असतो. यांपैकी एकही दिसले तर तेल बदलावे. रंगावर मात्र एकट्यावर विसंबू नये. बेसनाची जळकी बुंदी, हळद आणि तिखट यांनी तेल पहिल्याच घाण्यात काळपट होते, आणि नुसती साबुदाणा पापडी तळलेले तेल बिघडूनही उजळ दिसू शकते.

२५ या आकड्याचीही मर्यादा सांगायला हवी. २४ टक्क्यांचे तेल निर्धोक आणि २६ टक्क्यांचे विषारी, असा त्याचा अर्थ नाही. ध्रुवीय संयुगांत डायग्लिसराइडेही मोजली जातात आणि ती स्वतः काही अपायकारक नसतात. पाम तेलात ती मुळातच जास्त असतात, म्हणून ते कढईत पडण्याआधीच आकड्यात पुढे असते. चिंता असते ती ऑक्सिडाइज झालेल्या आणि एकमेकांना जुळलेल्या रेणूंची, आणि त्यांना वेगळे मोजणे खर्चिक असल्याने एकूण ध्रुवीय संयुगांचा आधार घेतात. उत्तरपत्रिकेत २५ टक्के लिहिताना सोबत तेल कोणते, पदार्थ ओला की कोरडा आणि तेल किती तास तापले, या तीन गोष्टी लिहिल्या तर तपासणाऱ्याला विद्यार्थ्याची समज दिसते.